अंदाजपत्रकातले चुकीचे गुणाकार आणि छापलेला पण न मिळवलेला आकस्मिक खर्च

प्रश्न : आमची कोथरूडची २८ फ्लॅटची सोसायटी आहे. जुनी पडकी कंपाउंड वॉल काढून नवी बांधायची आहे आणि आतल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. इंजिनिअरने दिलेलं अंदाजपत्रक १३,४९,३१९ रुपयांचं आहे, म्हणजे फ्लॅटमागे साधारण ४८,२०० रुपये. सर्वसाधारण सभेत मंजुरीला ठेवण्याआधी आकडे बरोबर आहेत का हे मला, म्हणजे सेक्रेटरीला, कसं तपासता येईल? शीट जोडली आहे. मी बांधकामातला नाही.

उत्तर :

शीट सभेत ठेवू नका, आधी दुरुस्त करून घ्या. तिच्यात तीन ओळींच्या रकमा चुकल्या आहेत आणि आकस्मिक खर्च कागदावर छापलेला असला तरी शेवटच्या बेरजेत आलेला नाही. हे तपासायला बांधकामातलं शिक्षण लागत नाही. कॅल्क्युलेटर आणि शांतपणे काढलेला एक तास पुरतो. मी सव्वीस वर्षं अंदाजपत्रकं करतो आणि तपासतो. आजही पहिली फेरी याच पद्धतीने घालतो.

आधी कागदाची रचना समजून घ्या. तुमच्या फाइलमध्ये दोन पानं आहेत. पहिलं मोजमाप पत्रक, म्हणजे लांबी, रुंदी, उंची गुणून प्रत्येक कामाचं परिमाण काढलेलं पान. दुसरा गोषवारा, म्हणजे परिमाण, एकक, दर आणि रक्कम. बहुतेक लोक फक्त गोषवारा बघतात, तोही खालून, म्हणजे एकूण रकमेपासून. मी उलट सांगेन. एकूण रक्कम झाकून ठेवा आणि एकेक ओळ घ्या.

ओळ तपासताना परिमाण गुणिले दर करून रकमेशी जुळवायचं, हे सगळेच करतात. पण जुळलं नाही तर तिथे थांबू नका. छापलेल्या रकमेला आधी दराने भागा आणि मग परिमाणाने भागा. पहिल्या भागाकारातून कळतं की ही रक्कम काढताना प्रत्यक्षात कोणतं परिमाण धरलं होतं, दुसऱ्यातून कळतं की कोणता दर धरला होता. चूक कुठे झाली आणि कशी झाली, हे त्या उत्तरात दिसतं.

तुमची नववी बाब घ्या, पेव्हर ब्लॉकची. परिमाण ४२६ चौरस मीटर, दर ९८५ रुपये आणि रक्कम छापली आहे ३,०५,३५०. गुणाकार करून बघितला तर यायला हवेत ४,१९,६१०. फरक १,१४,२६० रुपयांचा. आता ३,०५,३५० ला ९८५ ने भागा. उत्तर बरोबर ३१० येतं, दशांशाचा एक अंकही मागे राहत नाही. असं पूर्ण उत्तर आलं की समजा, कुणीतरी खरोखरच ३१० धरून गुणाकार केला होता. मग मोजमाप पत्रकात जाऊन बघा. तिथे आतला रस्ता ३१० चौरस मीटर आहे आणि त्याखाली पार्किंगची पट्टी ११६ चौरस मीटर. दोन्ही मिळून ४२६. म्हणजे आधी फक्त रस्ता होता. नंतर बहुधा तुमच्याच कमिटीने पार्किंग घ्यायला सांगितलं असावं. इंजिनिअरने परिमाण बदललं, पण रकमेच्या चौकटीत सूत्र नव्हतं, नुसता आकडा होता, म्हणून तो जुनाच राहिला. सूत्राच्या जागी आकडा चिकटवलेला असणं हे आजच्या काळातलं चुकीच्या गुणाकाराचं सगळ्यात मोठं कारण आहे. एक्सेल गुणाकारात चुकत नाही, पण तिथे गुणाकार आहे की नाही, हे छापील कागदावरून कळत नाही.

म्हणून पीडीएफवर समाधान मानू नका, मूळ फाइल मागा. ती उघडून `Ctrl` आणि `` ` `` ही बटणं एकत्र दाबली की आकड्यांच्या जागी सूत्रं दिसतात. रकमेच्या स्तंभात जिथे सूत्राऐवजी सरळ आकडा दिसेल, ती ओळ आधी तपासायची. त्याशिवाय शेजारच्या मोकळ्या स्तंभात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा. यात परिमाण C स्तंभात, दर E मध्ये आणि रक्कम F मध्ये आहे, तुमच्या फाइलप्रमाणे.

```
=IF(ABS(F5-C5*E5)>5,"तपासा","")
```

पाच रुपयांची सूट मुद्दाम ठेवली आहे. रक्कम कधी पूर्ण रुपयांत गोल करून लिहिलेली असते, त्यामुळे रुपयाभराचा फरक येऊ शकतो. तो चूक नव्हे, त्याच्यावरून इंजिनिअरशी वाद घालू नका.

आता तिसरी बाब, दगडी बांधकाम. ४६.०८ घनमीटर, दर ५,२५० आणि रक्कम २,१४,९२०. दराने भागलं तर ४०.९४ येतं, परिमाणाने भागलं तर ४,६६४. यांतला एकही आकडा शीटमध्ये कुठे नाही. म्हणजे इथे जुनं परिमाणही नाही आणि जुना दरही नाही. बरोबर रक्कम २,४१,९२० आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा : २,४१ आणि २,१४. चार आणि एक यांची अदलाबदल झाली आहे. टाइप करताना हे फार होतं आणि त्याची एक खूण आमच्या पिढीला हिशेबनीस लोकांनी शिकवली होती : फरकाला नऊने भाग जातो का बघ. इथे फरक २७,००० आहे, नऊने भागून ३,०००. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, कारण दशकाचा अंक एककात आणि एककाचा दशकात गेला की प्रत्येक एका अंकामागे दहातून एक, म्हणजे नऊचाच फरक पडतो. नऊने भाग गेला म्हणून अदलाबदल सिद्ध झाली असं नाही, योगायोगानेही जाऊ शकतो. पण कुठे बघायचं ते कळतं.

ह्या दोन चुका कॅल्क्युलेटरने सापडल्या. तिसरी चूक कॅल्क्युलेटरने सापडत नाही, म्हणून तिच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

आठवी बाब, पेव्हरखालचा मुरूम. परिमाण ८५.२०, दर १,९००, रक्कम १,६१,८८०. गुणाकार अगदी बरोबर आहे. वर दिलेलं सूत्र या ओळीपुढे काहीही लिहिणार नाही. पण दरापुढचं एकक वाचा. तिथे लिहिलं आहे ‘प्रति ब्रास’, आणि परिमाण मात्र घनमीटरमध्ये आहे. मोजमाप पत्रकात ४२६ चौरस मीटर गुणिले ०.२० मीटर जाडी असं दिसतं, त्यावरून ते पक्कं होतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ८५.२० घनमीटर म्हणजे साधारण ३०.१ ब्रास आणि त्याची रक्कम होते ५७,२०१ रुपये. या एका ओळीत १,०४,६७९ रुपये जास्त धरले गेले आहेत.

पुण्यात हे वारंवार घडतं. मुरूम, वाळू, खडी ब्रासने येते, ट्रकवाला ब्रासनेच बोलतो. इंजिनिअर मोजमाप मीटरमध्ये करतो. सप्लायरने फोनवर सांगितलेला दर तसाच शीटमध्ये चढतो. त्यात भर म्हणजे ब्रास हा शब्द क्षेत्रफळालाही वापरतात, तेव्हा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. तेव्हा प्रत्येक ओळीत परिमाणाचं एकक आणि दराचं एकक मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दोघांनी बसून. एकाने म्हणायचं ‘पंच्याऐंशी पूर्णांक दोन घनमीटर’, दुसऱ्याने म्हणायचं ‘एकोणीसशे रुपये ब्रास’. असं ऐकलं की विसंगती कानाला खटकते, डोळ्यांना ती सवयीने दिसत नाही. सळईच्या ओळीतही हाच धोका असतो, किलोला टनाचा दर लागतो. तुमच्या शीटमध्ये ती ओळ ठीक आहे, ०.९५ टन गुणिले ८६,०००.

एककाची चूक पकडायचा आणखी एक मार्ग आहे. रकमेला सगळ्यांना समजेल अशा मापाने भागायचं. मुरमाची छापलेली रक्कम ४२६ चौरस मीटरवर वाटली तर चौरस मीटरला ३८० रुपये येतात, दुरुस्त केल्यावर १३४ येतात. वरचा ब्लॉक रेतीसकट बसवून ९८५ रुपये असताना खाली वीस सेंटिमीटर मुरमाला ३८०? हा प्रश्न कोणताही गृहस्थ विचारू शकतो. याच ओळीबद्दल इंजिनिअरला एक गोष्ट नक्की विचारा : १,९०० चा दर ट्रकमधल्या सुट्या मुरमाचा आहे की पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेल्या थराचा? सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, त्यामुळे तेवढाच थर करायला जास्त ब्रास लागतात. तुमच्या शीटमधल्या वर्णनात ‘पसरणे व दबाई करणे यासह’ असं आहे, म्हणून मी दाबलेला थर धरला आहे.

आता तिन्ही चुका एकत्र ठेवा. दगडी बांधकामात २७,००० कमी, पेव्हरमध्ये १,१४,२६० कमी, मुरमात १,०४,६७९ जास्त. सगळ्या मिळून जवळजवळ अडीच लाखांच्या चुका आहेत, पण कमी-जास्त एकमेकांत जिरल्यामुळे बेरजेत फक्त ३६,५८१ रुपयांचा फरक पडतो. छापलेली बेरीज ११,४३,४९१, बरोबर बेरीज ११,८०,०७२. म्हणूनच एकूण आकडा ‘बरोबर वाटतोय’ हा काही पुरावा नाही.

आणि ‘एकूण जवळपास तेच आहे ना, मग राहू दे’ असं कमिटीत कुणी म्हणालं तर मानू नका. आयटम रेटच्या कामात ठेकेदाराला प्रत्यक्ष मोजलेलं परिमाण गुणिले दर असे पैसे मिळतात. गोषवाऱ्यात पेव्हरची रक्कम चुकून तीन लाख पाच हजार छापली म्हणून तो ४२६ चौरस मीटर काम तेवढ्यात करणार नाही. बिल सव्वाचार लाखांच्या आसपासच येईल. उलट मुरमाची जास्तीची रक्कम मंजूर दिसली की दर वाढवून मागायला जागा मिळते. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या कामात मी स्वतः गोषवारा तपासून दिला होता, एकूण जुळलं म्हणून एककं नीट वाचली नाहीत. खडीच्या ओळीत ब्रासचा घोळ राहिला आणि तो बिलाच्या वेळी निघाला. त्या कमिटीला सभासदांपुढे दोनदा उभं राहावं लागलं. तेव्हापासून एककं मोठ्याने वाचल्याशिवाय मी सही करत नाही.

आता शेवटचा भाग. बेरजेखाली तुमच्या शीटमध्ये दोन ओळी आहेत : ‘आकस्मिक खर्च ५ टक्के, ५७,१७५’ आणि ‘जीएसटी १८ टक्के, २,०५,८२८’. त्याखाली एकूण १३,४९,३१९. हे बघून कुणालाही वाटेल की दोन्ही धरलं आहे. एक भागाकार करा. एकूण रकमेला वरच्या बेरजेने भागा : १३,४९,३१९ भागिले ११,४३,४९१, उत्तर १.१८. म्हणजे बेरजेवर फक्त जीएसटी चढला आहे, ५७,१७५ रुपये ओळीत लिहून तिथेच राहिले. आकस्मिक खर्च मिळवून त्या सगळ्यावर जीएसटी लावला असता तर उत्तर १.२३९ आलं असतं. जीएसटी फक्त कामावर आणि आकस्मिक खर्च वेगळा मिळवला असता तर १.२३. हे तीन आकडे लक्षात ठेवलेत तर असं अंदाजपत्रक अर्ध्या मिनिटात तपासता येईल. फाइलमध्ये बघितलंत तर शेवटच्या चौकटीत असं काहीतरी सापडेल :

```
=F16+F18
```

आणि मधली `F17` राहून गेलेली. कुणीतरी आकस्मिक खर्चाची ओळ नंतर घातली आणि सूत्र तसंच राहिलं.

१.२३ की १.२३९, यावर मतं वेगळी असतात. सोसायटीसाठी मी आकस्मिक खर्च आधी मिळवून मग जीएसटी लावतो. कारण साधं आहे : ती रक्कम खर्च झाली तर ती जादा कामावरच होणार आणि त्या जादा कामाच्या बिलावरही जीएसटी येणार. तो धरला नाही तर राखीव रक्कम ऐन वेळी अठरा टक्क्यांनी अपुरी पडते.

पाच टक्के पुरतील का, हा खरा विचार करायचा प्रश्न आहे. सरकारी अंदाजपत्रकांत तीन ते पाच टक्के धरायचा प्रघात आहे. तुमच्या कामात सगळ्यात मोठी अनिश्चितता जमिनीखाली आहे. कोथरूडला टेकडीच्या अंगाने गेलं की कुठे मुरूम लागतो, कुठे फुटा-दोन फुटांवर कातळ. खोदकामाची बाब ६९.१२ घनमीटर, ३१० रुपये दराने धरली आहे, तो माती आणि मुरमाचा दर आहे. समजा एक तृतीयांश लांबीत, म्हणजे २३ घनमीटरमध्ये कठीण खडक लागला, ब्रेकर लावावा लागला आणि दर १,४०० पडला, तर जादा खर्च सुमारे २५,००० होईल. दुरुस्त बेरजेवर पाच टक्के म्हणजे ५९,००४ रुपये, त्यात तो बसतो. खडक वरच लागला तर पाया तितका खोल न नेता त्यावरच बसवता येईल का, हे इंजिनिअर जागेवर ठरवेल आणि थोडे पैसे वाचतीलही. पण अंदाज करत बसण्यापेक्षा भिंतीच्या रेषेत तीन ठिकाणी सव्वा मीटरचे चाचणी खड्डे घ्या, दोन टोकांना आणि मध्ये. एक दिवसाची मजुरी लागेल. तिन्हींत मुरूम लागला तर पाच टक्के पुरेत. एकातही कातळ लागला तर त्याची वेगळी बाब गोषवाऱ्यात घाला.

हीच गोष्ट नीट समजून घ्या : जे आधीच माहीत आहे ते आकस्मिक खर्चात जात नाही. तुम्ही लिहिलंत की जुनी भिंत काढायची आहे. शीटमध्ये ती पाडण्याची आणि राडारोडा उचलून नेण्याची बाबच नाही. अकरा ओळी मी दोनदा वाचल्या, कुठल्याही वर्णनात तिचा उल्लेख नाही. ‘ते आकस्मिक खर्चातून भागवू’ असं उत्तर मिळण्याची दाट शक्यता आहे. ते स्वीकारू नका. भिंत समोर उभी आहे, तिची लांबी-उंची मोजता येते, तिला परिमाण आणि दर लावून बारावी ओळ करता येते. ती राखीव रकमेतून गेली तर कातळ लागेल तेव्हा हात रिकामे असतील. सभासदांनी मध्येच सुचवलेली वाढीव कामं, जास्तीचं गेट, दिव्याचे खांब, ह्यांनाही त्यातून पैसे द्यायचे नाहीत. आकस्मिक खर्चाची रक्कम ठेकेदाराच्या ऑर्डरमध्येही लिहायची नाही. ती सोसायटीच्या खात्यात राहते आणि प्रत्येक खर्चाला इंजिनिअरची लेखी शिफारस आणि कमिटीचा ठराव लागतो, असं सभेतच नोंदवून घ्या.

इंजिनिअरशी बोलताना सुधारलेली शीट हातात ठेवा आणि ओळींचे क्रमांक सांगा : तीन, आठ, नऊ आणि शेवटची बेरीज. यात लबाडी दिसत नाही. लबाडी असती तर मुरमाची चूक आणि पेव्हरची चूक उलट-सुलट दिशेला गेल्या नसत्या. सुधारित हिशेब असा येईल : कामाची बेरीज ११,८०,०७२, आकस्मिक खर्च ५९,००४, दोन्ही मिळून १२,३९,०७६, त्यावर जीएसटी २,२३,०३४, एकूण १४,६२,११०. फ्लॅटमागे ५२,२१८ रुपये. म्हणजे तुम्ही सभेत सांगणार होता त्यापेक्षा प्रत्येकी सुमारे चार हजार जास्त.

आणि हा आकडा पाडकामाशिवायचा आहे. बारावी ओळ आल्यावर तिच्या रकमेला १.२३९ ने गुणा आणि २८ ने भागा. पाडकामाच्या दर दहा हजारांमागे एकूण १२,३९० रुपये वाढतील, फ्लॅटमागे सुमारे ४४२. ती ओळ हातात येईपर्यंत सभेची नोटीस काढू नका.